४४१ ची कसोटी: मूळ अवयव एकाच प्रकारे का पडतात

५३ × ७९ आणि ५९ × ७१ यांतला मोठा गुणाकार कोणता, असा प्रश्न मी आठवी-नववीच्या मुलांना कधी कधी घालते. कागद घ्यायचा नाही, ही अट. अंदाजाने दोन्ही सारखेच वाटतात, आणि आहेतही जवळजवळ: पहिला ४१८७, दुसरा ४१८९. मग मी विचारते, की गुणाकार अजिबात न करता हे दोन सारखे नाहीत एवढं तरी सांगता येईल का? कुणीतरी हमखास म्हणतं, "बाई, चारही मूळ संख्या आहेत. मग सारखे कसे असतील?"

उत्तर बरोबर आहे. पण त्यातल्या 'मग' या शब्दात एक अख्खी सिद्धता लपलेली आहे, आणि आपण ती शाळेत कधी उघडून बघत नाही. अवयव पाडायला शिकतो, दोघांनी वेगवेगळ्या मार्गाने पाडले तरी उत्तर जुळतं हे पाहतो, आणि ते जुळणारच असं धरून चालतो. या लेखात तो 'मग' उलगडायचा आहे. लागणारं गणित भागाकार आणि बाकी एवढंच आहे, मात्र सावकाश वाचावं लागेल.

आधी एक शंका मनात रुजवू या. "मूळ संख्या म्हणजे न फुटणारी. संख्या शेवटपर्यंत फोडली की उरणारे तुकडे तेच असणार, त्यात सिद्ध काय करायचं?" हे बोलणं पटण्यासारखं आहे, पण बेरजेत काय होतं पाहा. १० म्हणजे ३ + ७, आणि १० म्हणजे ५ + ५ सुद्धा. तुकडे दोन्हीकडे मूळ संख्याच, तरी वेगळे. बेरजेत दोन प्रकार निघतात आणि गुणाकारात निघत नाहीत, तर गुणाकारात काहीतरी खास कारण असलं पाहिजे. "न फुटणारी" एवढ्या शब्दात ते कारण नाही.

काय सिद्ध करायचं आहे

विधान असं: १ पेक्षा मोठी कोणतीही पूर्ण संख्या मूळ संख्यांचा गुणाकार म्हणून लिहिता येते, आणि क्रम सोडला तर एकाच प्रकारे लिहिता येते. क्रम सोडला तर म्हणजे २ × ३ आणि ३ × २ आपण एकच मानतो. कोणत्या मूळ संख्या आल्या आणि प्रत्येक किती वेळा आली, या दोन्ही गोष्टी ठरलेल्या आहेत असा दावा आहे. संख्या स्वतःच मूळ असेल तर ती एकटीच आपला "गुणाकार" मानायची. १ ही मूळ संख्या धरत नाहीत, आणि ते इथे सोयीचं आहे. नाहीतर ६ म्हणजे २ × ३, १ × २ × ३, १ × १ × २ × ३ अशी यादी संपलीच नसती.

विधानात दोन दावे आहेत: लिहिता येते, आणि एकाच प्रकारे येते. पहिला सोपा आहे, तो आधी उरकू.

समजा काही संख्या अशा आहेत की त्या मूळ संख्यांचा गुणाकार म्हणून लिहिताच येत नाहीत. त्यांतली सगळ्यात लहान पकडा. ती मूळ नाही, कारण मूळ असती तर तिचं लेखन तीच झाली असती. म्हणजे ती a × b अशी फुटते, आणि a, b दोन्ही १ पेक्षा मोठ्या पण तिच्याहून लहान आहेत. सगळ्यात लहान गुन्हेगार आपण पकडलेली आहे, त्यामुळे a आणि b निर्दोष: दोन्ही मूळ संख्यांचे गुणाकार म्हणून लिहिता येतात. ते दोन गुणाकार शेजारी शेजारी मांडले की आपल्या गुन्हेगाराचंही लेखन तयार. म्हणजे गुन्हेगार कुणी नव्हताच.

इथे "सगळ्यात लहान" हा शब्द काम करून गेला. तो पुन्हा भेटणार आहे.

जिथे फोडता येतं, पण दोन प्रकारे

आता एक वेगळं जग उभं करू. त्यात फक्त अशा संख्या ठेवायच्या ज्यांना ४ ने भागलं तर बाकी १ उरते: १, ५, ९, १३, १७, २१, २५, २९, ३३, ३७, ४१, ४५, ४९ आणि पुढे. बाकी सगळ्या संख्या या जगात नाहीतच असं समजायचं. या संख्यांना जर्मन गणिती डेव्हिड हिल्बर्ट याचं नाव जोडलेलं आहे. आपण याला एकबाकी जग म्हणू.

या जगात गुणाकार व्यवस्थित चालतो. ५ × ९ = ४५, आणि ४५ ला ४ ने भागलं की बाकी १. नेहमीच असं होतं, कारण बाकी १ असलेल्या दोन संख्यांच्या गुणाकाराची बाकी १ × १, म्हणजे १ च राहते. तेव्हा इथेही "न फुटणारी" कोण ते विचारता येतं. ५ फुटत नाही. ९ सुद्धा फुटत नाही, कारण ९ म्हणजे ३ × ३ आणि ३ या गावचा रहिवासी नाही. २१ फुटत नाही, कारण ३ आणि ७ दोघेही बाहेरचे. ४९ ची तीच गोष्ट. २५ आणि ४५ मात्र फुटतात: ५ × ५ आणि ५ × ९.

वर केलेली "लिहिता येते" ची सिद्धता या जगात जशीच्या तशी चालते, एक शब्दही बदलावा लागत नाही. म्हणजे एकबाकी जगातली प्रत्येक संख्या तिथल्या न फुटणाऱ्या संख्यांचा गुणाकार आहे. आता ४४१ घ्या. ४४१ = ४ × ११० + १, म्हणजे ती या जगातली आहे.

४४१ = २१ × २१
४४१ = ९ × ४९

२१ फुटत नाही, ९ फुटत नाही, ४९ फुटत नाही. शेवटपर्यंत फोडूनही तुकडे दोन वेगळ्या प्रकारचे निघाले.

हे उदाहरण मला फार आवडतं, कारण ते हत्यारासारखं वापरता येतं. कुणीही, अगदी मी सुद्धा, मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात याची सिद्धता दिली, की तीच सिद्धता एकबाकी जगात वाचून पाहायची. तिथेही ती बिनअडथळा पार पडली तर तिच्यात चूक आहे, कारण तिथे निष्कर्ष खोटा आहे. खरी सिद्धता तिथे कुठेतरी अडखळलीच पाहिजे. नवशिक्यांच्या बऱ्याच सिद्धता या एका कसोटीवर गळतात.

न फुटणं वेगळं, भागणं वेगळं

एकबाकी जगात नेमकं काय बिघडलं? ९ कडे बघा. ९ ने २१ × २१ ला निःशेष भाग जातो, कारण तो गुणाकार ९ × ४९ आहे. पण ९ ने २१ ला भाग जात नाही. न फुटणाऱ्या संख्येने गुणाकाराला भागलं, पण गुणाकारातल्या एकाही संख्येला भागलं नाही.

आपल्या नेहमीच्या जगात मूळ संख्येच्या बाबतीत असं होत नाही. युक्लिडच्या ग्रंथातल्या सातव्या पुस्तकात तिसावं विधान आहे ते हेच: मूळ संख्या p ने a × b या गुणाकाराला भाग जात असेल, तर p ने a ला भाग जातो किंवा b ला जातो (दोघांनाही जाऊ शकतो). पुढे याला मी युक्लिडचं विधान म्हणेन.

"p फुटत नाही" आणि "p ने गुणाकाराला भागलं तर एकाला तरी भागतो" हे दोन वेगळे गुणधर्म आहेत. नेहमीच्या संख्यांत ते नेहमी जोडीने येतात, म्हणून फरक जाणवत नाही. ९ ने एकबाकी जगात ती जोडी फोडून दाखवली. मूळ अवयवांचं एकमेवपण सगळं या दुसऱ्या गुणधर्मावर उभं आहे, पहिल्यावर नाही.

मूळ नसलेल्या संख्येला हा गुणधर्म लागू नाही, हेही नोंदवून ठेवा. ६ ने ४ × ९ ला, म्हणजे ३६ ला, भाग जातो, पण ४ ला जात नाही आणि ९ ला जात नाही. ६ मधला २ एकीकडून आला, ३ दुसरीकडून.

झाकलेली यादी

युक्लिडचं विधान हाती आहे असं धरून मुख्य काम करू. ते कुठून येतं ते नंतर पाहू. आधी अक्षरं न घेता आकड्यांत.

२९४० घ्या. मी तिला आधी ३० × ९८ अशी फोडली आणि शेवटी २ × ३ × ५ × २ × ७ × ७ असं लिहिलं. तुम्हीही २९४० चे मूळ अवयव पाडले, पण कसे ते मला माहीत नाही. तुमची यादी कागदाखाली झाकलेली आहे. मला दोनच गोष्टी ठाऊक आहेत: झाकलेली प्रत्येक संख्या मूळ आहे, आणि त्या सगळ्यांचा गुणाकार २९४० आहे. कागद न उचलता मला तुमची यादी सांगायची आहे.

माझ्या यादीतला एक ७ घेते. ७ ने २९४० ला भाग जातो, म्हणजे झाकलेल्या संख्यांच्या गुणाकाराला भाग जातो. युक्लिडचं विधान दोन संख्यांच्या गुणाकारासाठी आहे आणि तुमच्या यादीत जास्त असतील, पण अडचण नाही. पहिली संख्या एका बाजूला, उरलेल्यांचा गुणाकार दुसऱ्या बाजूला. ७ ने पहिलीला भाग गेला तर झालं. नाहीतर उरलेल्यांच्या गुणाकाराला जातो, त्यात पुन्हा पहिली आणि उरलेल्या असे भाग पाडायचे. असं करत करत झाकलेल्या एका तरी संख्येला ७ ने भाग गेलाच पाहिजे.

ती संख्या मूळ आहे. मूळ संख्येचे विभाजक दोनच: १ आणि ती स्वतः. ७ तिचा विभाजक आहे आणि ७ म्हणजे १ नव्हे, म्हणून ती संख्या ७ च आहे. म्हणजे तुमच्या यादीत एक ७ नक्की आहे.

तो ७ दोन्ही याद्यांतून खोडू. माझ्याकडे उरले २, ३, ५, २, ७ आणि तुमच्याकडे उरलेल्यांचा गुणाकार ४२०. माझ्या दुसऱ्या ७ ने ४२० ला भाग जातो, म्हणून त्याच युक्तिवादाने तुमच्याकडे आणखी एक ७ आहे. तोही खोडला, उरले ६०. मग ५: खोडला, उरले १२. मग ३: उरले ४. मग २, उरले २. शेवटचा २, उरला १. माझी यादी संपली.

तुमच्या कागदाखाली अजून काही उरलं असेल का? उरलेल्यांचा गुणाकार १ आहे, आणि प्रत्येक मूळ संख्या निदान २ असते. एक जरी उरली असती तरी गुणाकार २ किंवा जास्त झाला असता. म्हणजे काही उरलं नाही. तुमची यादी २, २, ३, ५, ७, ७ आहे, आता कागद उचला. तुम्ही ४२ × ७० ने सुरुवात केली असेल तर २ × ३ × ७ × २ × ५ × ७ दिसेल. क्रम वेगळा, आकडे तेच.

तेच, अक्षरांत

आता २९४० च्या जागी कोणतीही संख्या N. समजा N दोन प्रकारे लिहिली आहे:

N = p₁ × p₂ × … × pᵣ = q₁ × q₂ × … × qₛ

सगळ्या p आणि q मूळ. p₁ ने N ला, म्हणजे उजव्या गुणाकाराला, भाग जातो. म्हणून एखाद्या q ला भाग जातो, आणि तो q मूळ असल्यामुळे p₁ = तो q. उजवीकडचा क्रम बदलून तो q पुढे आणा, म्हणजे p₁ = q₁. दोन्ही बाजूंतून तो काढला की p₂ × … × pᵣ = q₂ × … × qₛ. आता p₂ घेऊन तेच. प्रत्येक वेळी दोन्हीकडून एकेक संख्या जाते, म्हणून कधीतरी एक बाजू संपते. त्या क्षणी दुसऱ्या बाजूचा गुणाकार १ असतो, म्हणून तीही संपलेलीच असते. तेव्हा r = s, आणि p व q एकास एक जुळल्या.

"दोन्ही बाजूंतून काढला" हे वाक्य मी सहज लिहिलं, पण ते का चालतं? p × x = p × y असेल तर p × (x − y) = ०, आणि p शून्य नाही म्हणून x = y. बस एवढंच.

एकबाकी जगात ही सिद्धता वाचून पाहा. ४४१ = ९ × ४९ = २१ × २१. "९ ने उजव्या गुणाकाराला भाग जातो, म्हणून एखाद्या २१ ला भाग जातो." इथे अडखळली, आणि अडखळायला हवी तिथेच.

वह्यांत दिसणाऱ्या दोन चुका

पहिली चूक शेवटच्या टप्प्यातली. मुलं लिहितात: "प्रत्येक p हा कोणत्या तरी q इतका आहे, आणि प्रत्येक q हा कोणत्या तरी p इतका आहे, म्हणून दोन्ही याद्या सारख्या." हे पुरत नाही. २ × २ × २ × ३ आणि २ × ३ × ३ × ३ या याद्या पाहा. डावीकडची प्रत्येक संख्या उजवीकडे सापडते, उजवीकडची डावीकडे सापडते, पण एक गुणाकार २४ आहे आणि दुसरा ५४. कोणत्या मूळ संख्या येतात एवढंच या वाक्याने ठरतं, किती वेळा येतात ते ठरत नाही. म्हणून एका वेळी एकच खोडायची आणि उरलेल्या गुणाकाराकडे नव्याने बघायचं. २९४० मध्ये पहिला ७ खोडल्यावर दुसऱ्या ७ साठी मी ४२० कडे गेले, ते यासाठी.

दुसरी चूक जास्त कावेबाज आहे, आणि मी स्वतः कॉलेजात ती केली होती. युक्लिडचं विधान सिद्ध करा असा प्रश्न होता. मी लिहिलं: "p ने ab ला भाग जातो, म्हणजे ab च्या मूळ अवयवांत p आहे. ab चे मूळ अवयव म्हणजे a चे आणि b चे मिळून. म्हणून p हा a च्या अवयवांत आहे किंवा b च्या." दोन ओळीत काम झालं म्हणून खूश होते. तपासणाऱ्यांनी शून्य गुण देऊन समासात फक्त "४४१?" असं लिहिलं होतं. त्याचा अर्थ कळायला मला दोन दिवस लागले.

चूक अशी. p ने ab ला भाग जातो म्हणजे ab = p × c. c चे मूळ अवयव पाडले की ab चं एक लेखन मिळतं ज्यात p आहे. a चे आणि b चे अवयव शेजारी मांडले की ab चं आणखी एक लेखन मिळतं. ही दोन लेखनं एकच आहेत हे मी गृहीत धरलं होतं. पण तेच तर पुढे या विधानावरून सिद्ध करायचं होतं. ४४१ च्या बाबतीत c म्हणजे ४९, एक लेखन ९ × ४९, दुसरं २१ × २१, आणि ती जुळत नाहीत.

याच सापळ्याचं एक सभ्य रूप म्हणजे मसावि. "p ने a ला भाग जात नाही, म्हणून p आणि a यांचा मसावि १" इथवर ठीक आहे. पण मसाविचे पुढचे गुणधर्म अवयव पाडून मिळवले असतील तर आपण पुन्हा गोल फिरून आलो. मसावि वापरायचाच असेल तर भागाकाराच्या पद्धतीने काढलेला वापरावा.

मग युक्लिडचं विधान कुठून येतं?

मुख्य सिद्धता वर पूर्ण झाली आहे, पण या विधानाची अवयव न वापरणारी एक सिद्धता इतकी छोटी आहे की ती सोडवत नाही. तिच्यात फक्त बाकी ठेवून भागाकार आहे.

p मूळ आहे, p ने ab ला भाग जातो, पण a ला जात नाही असं समजा. b ला जातो हे दाखवायचं आहे. अशा सगळ्या धन पूर्ण संख्या n गोळा करा ज्यांनी a ला गुणलं की उत्तराला p ने भाग जातो. या संचात p आहे, कारण p × a ला p ने भाग जातोच. b सुद्धा आहे, कारण आपण तसंच धरलंय. संचातली सगळ्यात लहान संख्या d म्हणा.

दावा: संचातल्या प्रत्येक n ला d ने निःशेष भाग जातो. n ला d ने भागा, भागाकार t आणि बाकी r, म्हणजे n = d × t + r आणि r हा d पेक्षा लहान. आता r × a म्हणजे n × a मधून t पट d × a वजा केलेलं. दोन्हींना p ने भाग जातो, म्हणून r × a लाही जातो. r शून्य नसता तर तोही संचात आला असता, आणि d पेक्षा लहान असता. पण d सगळ्यात लहान आहे. म्हणून r = ०.

आता p स्वतः संचात आहे, म्हणून d ने p ला भाग जातो. p मूळ आहे, म्हणून d = १ किंवा d = p. d = १ असेल तर १ × a ला p ने भाग जातो, पण तो जात नाही असं आपण धरलंय. म्हणून d = p. आणि b संचात आहे, म्हणून d ने, म्हणजे p ने, b ला भाग जातो. झालं.

p मूळ असण्याचा उपयोग कुठे झाला? "d = १ किंवा p" या एकाच जागी. p च्या जागी ६ आणि a च्या जागी ४ ठेवून बघा. ४ ने गुणल्यावर ६ ने भाग जाणाऱ्या संख्या ३, ६, ९, १२ अशा येतात. सगळ्यात लहान ३, आणि तिने सगळ्यांना भागही जातो. पण ६ मूळ नाही, म्हणून d ला १ आणि ६ च्या मधे ३ वर थांबता आलं.

एकबाकी जगात p च्या जागी ९ आणि a च्या जागी २१ ठेवा. संच ९, २१, ३३, ४५ असा सुरू होतो, सगळ्यात लहान ९. आता २१ ला ९ ने भागून बाकी काढायची: २१ − १८ = ३. पण ३ या जगात नाही, १८ ही नाही. गुणाकार होतो पण वजाबाकी करून आत राहता येत नाही, आणि सिद्धतेचा कणा तर वजाबाकी आहे. म्हणजे गुणाकाराविषयीच्या या विधानाची मुळं बेरीज-वजाबाकीत आहेत. मला यातली ही सगळ्यात अनपेक्षित गोष्ट वाटते.

एकमेवपण गृहीत धरण्याची किंमत

एकबाकी जग मुद्दाम बनवलेलं आहे, खरं गणित असं वागत नाही, असं वाटू शकतं. पण वजाबाकी असलेल्या जगातही हे घडतं. a + b√−५ अशा रूपाच्या संख्या घ्या, a आणि b पूर्णांक. तिथे बेरीज, वजाबाकी, गुणाकार सगळं चालतं. ६ = २ × ३, आणि ६ = (१ + √−५)(१ − √−५) सुद्धा, कारण उजवीकडे १ + ५ येतात. चारही संख्या त्या जगात फुटत नाहीत. २ ने उजव्या गुणाकाराला भाग जातो, कंसांतल्या एकालाही जात नाही. इथे वजाबाकी आहे, पण दर वेळी लहान बाकी उरेल असा भागाकार नाही.

१ मार्च १८४७ रोजी पॅरिसच्या विज्ञान अकादमीत गाब्रिएल लामे यांनी फर्माचं शेवटचं प्रमेय सिद्ध केल्याचं जाहीर केलं. त्यांचा मार्ग संमिश्र संख्यांच्या एका जगात अवयव पाडण्याचा होता. बैठकीतच जोसेफ ल्यूव्हील यांनी विचारलं, की त्या जगात मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात हे कशावरून? पुढे जर्मनीतून एर्न्स्ट कुमर यांचं पत्र आलं. अशा जगांत एकमेवपण टिकत नाही, हे त्यांनी १८४४ मध्येच छापून दाखवलं होतं. लामेंची सिद्धता तिथेच थांबली. नेहमीच्या पूर्ण संख्यांसाठी मूळ अवयवांच्या एकमेवपणाचं प्रमेय सिद्धतेसह स्पष्टपणे मांडलं गेलं ते गाउसच्या १८०१ मधल्या ग्रंथात, म्हणजे लामेंच्या बैठकीच्या शेहेचाळीस वर्षं आधी.

आता त्या दोन गुणाकारांकडे

५३ × ७९ आणि ५९ × ७१ सारखे असते तर ५३ ने ५९ × ७१ ला भाग गेला असता. ५३ मूळ आहे, म्हणून ५९ ला किंवा ७१ ला भाग गेला असता. ते दोन्ही मूळ आहेत आणि ५३ नाहीत, म्हणून जात नाही. वर्गातल्या "मग" चा अर्थ हा एवढा.

√२ अपरिमेय का, याचंही उत्तर याच वळणावर मिळतं. √२ = a ÷ b असेल तर a × a = २ × b × b. कोणत्याही वर्गसंख्येच्या अवयवांत २ सम वेळा येतो (कदाचित शून्य वेळा), कारण ज्या संख्येचा वर्ग केला तिच्या अवयवांची यादी दोनदा लिहिली की वर्गाची यादी होते. म्हणून डावीकडे २ सम वेळा, उजवीकडे एक जास्त, म्हणजे विषम वेळा. एकाच संख्येची दोन वेगळी लेखनं निघाली, आणि ते शक्य नाही.

मात्र सिद्धता काय सांगत नाही, तेही पाहून ठेवा. ४१८७ चे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात हे तिने सांगितलं, ते कोणते हे नाही. कुणी नुसती ४१८७ पुढे ठेवली, तर २ पासून एकेक मूळ संख्येने भागत जावं लागतं: २, ३, ५, ७, ११, १३, १७, १९, २३, २९, ३१, ३७, ४१, ४३, ४७. पंधरा वेळा बाकी उरते, आणि सोळाव्या भागाकाराला ५३ ने निःशेष भाग जातो.